भावंड सवलत आणि उशिराचा दंड: पावती कशी तपासायची

> "धाकटीचा दुसरा हप्ता ८००० रुपये, भावंड सवलत १० टक्के, उशिराचा दंड ५ टक्के. सांगलीतल्या शाळेने ७६०० ची पावती दिली. बरोबर आहे का?"

ताई, पावतीवरचा दंडाचा आकडा बघा. ४०० असेल तर त्याला ५ टक्क्यांनी भागा, ८००० येतात. म्हणजे दंड सवलतीआधीच्या रकमेवर लावलाय. आधी सवलत धरली तर देणं ७२००, त्यावर दंड ३६०, एकूण ७५६०. चाळीस रुपये जास्त गेलेत.

गंमत म्हणजे आधी दंड लावून मग सगळ्या ८४०० वर १० टक्के सवलत दिली असती, तरी ७५६०च आले असते. इथे सवलत फक्त मूळ हप्त्यावर दिली आणि दंड मात्र पूर्ण हप्त्यावर धरला, घोळ तिथे आहे. दंड रोजच्या ठरावीक रुपयांनी असेल तर हा हिशोब लागू नाही.

काउंटरवर वाद घालण्याआधी शाळेचं फीचं परिपत्रक वाचा. काही शाळा 'मुदतीत भरल्यासच सवलत' अशी ओळ बारीक अक्षरात घालतात. ती असेल तर सवलतच जाते, तेव्हा जपून. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि चाळीस रुपये तिसऱ्या हप्त्यात वळते करून पावतीवर तशी नोंद मागा. तोंडी 'बघू' वर सोडू नका.