जुना 4:3 प्रोजेक्टर आणि रुंद स्लाइड: काळे पट्टे चालवून घ्यायचे की पूर्ण डेकच बदलायचा?

भूगोलवाली
कॉलेजच्या हॉलमध्ये छताला जुना 1024 x 768 चा प्रोजेक्टर आहे, पडदा 8 बाय 6 फुटांचा. माझे सगळे पीपीटी 16:9 मध्ये आहेत. परवा महाराष्ट्राचा नकाशा लावला तर राज्य वरखाली ताणल्यासारखं दिसलं, मुलं हसायला लागली. शेजारच्या विभागाच्या लॅपटॉपवर तीच फाईल लावली तर नकाशा नीट, पण वर-खाली काळे पट्टे. चाळीसेक स्लाइड आहेत. सगळा डेक 4:3 करायला घेऊ, की आणखी काही उपाय आहे? प्राचार्यांचं म्हणणं, पडदा पूर्ण भरलाच पाहिजे.

सरळसोट
डेकला हात लावू नका. रिमोटवर Aspect बटण असतं, ते दाबत राहा. Full किंवा 4:3 आलं की पट्टे गायब, पडदा भरला, प्राचार्य खूश. दोन मिनिटांचं काम.

पडदेवाला
बटण बरोबर सांगितलंत, पण त्याचा परिणाम अर्धाच सांगितलात. रुंद सिग्नल येत असताना Full केलं की प्रोजेक्टर चित्र उंचीला एक-तृतीयांशाने ताणतो. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम साधारण 800 किमी आणि उत्तर-दक्षिण 700 च्या आसपास. ताणल्यावर ते 700 पडद्यावर 930 सारखे दिसतात, म्हणजे आडवं राज्य उभं होतं. बाईंचा नकाशा बहुधा असाच बिघडला असणार. खाली किलोमीटरची मोजपट्टी असेल तर ती फक्त आडव्या दिशेला खरी राहते. भूगोलाच्या तासाला हे कसं चालेल?

आधी रोग ओळखू. एका कोऱ्या स्लाइडवर Shift दाबून गोल वर्तुळ काढा आणि स्लाइडच्या चारही कडांना लागून एक चौकट काढा. वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखं दिसलं तर गडबड सिग्नलमध्ये किंवा प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये, स्लाइडचा काही दोष नाही. वर्तुळ गोल आणि वर-खाली पट्टे, तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त आकार जुळत नाहीत. वर्तुळ गोल पण चौकटीची कड गायब, तर प्रोजेक्टर कडा कापतोय. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक तिन्हींवर स्लाइडचा आकार बदलत बसतात.

अंडं दिसलं तर प्रोजेक्टरचं Aspect आधी Auto किंवा Normal वर आणा. मग लॅपटॉपवर Win + P दाबून Duplicate ऐवजी Extend निवडा. Duplicate मध्ये दोन्हीकडे एकच रिझोल्यूशन जातं. लॅपटॉप रुंद, प्रोजेक्टर चौकोनी, मग जे मिळेल ते प्रोजेक्टर आपल्या चौकटीत कोंबतो. Extend केल्यावर डेस्कटॉपवर राइट क्लिक, Display settings, वर 2 नंबरचा पडदा निवडायचा आणि त्याला 1024 x 768 द्यायचं. आता वर्तुळ गोल येईल. पट्टे पॉवरपॉइंट स्वतः टाकेल: चित्र 1024 x 576 आणि वर-खाली 96-96 ओळी काळ्या.

1280 x 720 देऊन बघायचा मोह होतो, तो टाळा. प्रोजेक्टरला ते चित्र आक्रसून दाखवावं लागतं आणि देवनागरीत पहिला फटका अनुस्वार नि रफाराला बसतो. मागून वाचणाऱ्याला "पर्वत" आणि "पवत" सारखेच.

कोपऱ्यातला
आमच्याकडे तर वरची कड रुंद आणि खालची अरुंद येते. Aspect सगळे करून पाहिले, 4:3, 16:9, Zoom, काही फरक नाही. टेबलावर पुस्तकं ठेवून वर केलाय प्रोजेक्टर.

पडदेवाला
ती वेगळी भानगड. प्रोजेक्टर वर तोंड करून बसलाय म्हणून. पुस्तकं काढून सपाट करा, तेवढ्याने नाही भागलं तर कडा सरळ करणारं Keystone सेटिंग वापरा. Aspect चा इथे काही संबंध नाही.

मागचा बाक
पडदेवाले, निदान पटलं, पण "काहीच बिघडलेलं नाही" हे पुढच्या रांगेतून म्हणायला सोपं आहे. 8 फूट रुंद पडद्यावर 16:9 चित्र साडेचार फूट उंच येतं. दीड फूट पडदा फुकट. शिवाय जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरचे पट्टे काळे नसतातच, राखाडी असतात, हॉलचे दिवे चालू असले की आणखी खुपतात. जो हॉल पुढची पाच वर्षं 4:3 च राहणार, तिथे शिकवणाऱ्याने 4:3 च डेक करावा. Design टॅब, Slide Size, Standard (4:3). पर्याय विचारला की Ensure Fit. झालं.

पडदेवाला
Ensure Fit ने मागच्या बाकाला एक मिलिमीटरही मोठं दिसत नाही. हिशोब करूनच बघा. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड 13.33 इंच बाय 7.5, आणि Standard 10 बाय 7.5. 24 पॉइंटचा मजकूर म्हणजे इंचाचा तिसरा भाग. रुंद स्लाइडचे 13.33 इंच 8 फुटांवर पसरले की सगळं 7.2 पट होतं, म्हणजे ओळ 2.4 इंचांची. आता Ensure Fit करा. 24 चे 18 पॉइंट होतात, म्हणजे पाव इंच. 10 इंच 8 फुटांवर पसरले म्हणजे 9.6 पट. गुणा: पुन्हा 2.4 इंचच! फरक एवढाच की काळ्या पट्ट्यांच्या जागी आता स्लाइडचा रंग दिसतो. प्राचार्य खूश होतील, मुलांना काय मिळालं?

आणि Maximize केलं तर मजकूर तेवढाच राहतो, पण दोन्ही बाजूंनी सुमारे 1.7 इंच स्लाइडच्या बाहेर लोंबतो. कडेपर्यंत पसरलेल्या आडव्या आलेखाची दोन्ही टोकं कापली जायची.

मागचा बाक
Ensure Fit चा हिशोब मान्य. मी तो पर्याय घाईत सांगितला, पण काम तिथे संपत नाही, तिथून सुरू होतं. उंचीची रिकामी झालेली जागा आपण भरायची. आणि बाईंचा विषय नकाशाचा आहे, तो हिशोबही करू या. महाराष्ट्राचा नकाशा जवळपास चौकोनी. पट्ट्यांच्या आत तो जास्तीत जास्त साडेचार फूट उंच होतो. 4:3 स्लाइडवर कडेपर्यंत लावला तर पूर्ण सहा फूट. क्षेत्रफळात हा पावणेदोन पटीहून जास्त फरक आहे. तालुक्यांची नावं वाचता येणं न येणं यावरच ठरतं.

पडदेवाला
चौकोनी नकाशाला हे शंभर टक्के लागू, त्यात वाद नाही. पण गोदावरीचा उगमापासूनचा आडवा छेद किंवा हवामानाचा वर्षभराचा आलेख घ्या. ती चित्रं मुळातच रुंद असतात, 8 फूट रुंदी आधीच पूर्ण वापरतात. 4:3 केल्याने त्यांना काहीच मिळत नाही. चाळीसपैकी खरोखर उंचीची गरज असलेल्या स्लाइड किती, ते आधी मोजा. आणि एका फाईलमध्ये काही स्लाइड रुंद, काही चौकोनी असं पॉवरपॉइंटमध्ये होत नाही, सगळ्यांना एकच माप. म्हणजे नकाशांसाठी वेगळी 4:3 फाईल, बाकीची आहे तशी, असंच करावं लागेल.

नदीकाठ
डेक बदलणाऱ्यांना एक सावधगिरी. आमच्या संस्थेचं बोधचिन्ह टेम्पलेटच्या पार्श्वभूमीच्या चित्रातच छापलेलं होतं. 4:3 केल्यावर स्लाइडवरचे फोटो ठीक राहिले, पण पार्श्वभूमी नव्या मापात दाबली गेली आणि गोल बोधचिन्ह अंडाकृती. View मधून Slide Master उघडून पार्श्वभूमीचं चित्र काढलं आणि बोधचिन्ह वेगळं चित्र म्हणून ठेवलं. तिथेच असताना मजकुराची चौकटही खालपर्यंत ओढून अक्षर मोठं करून घ्यायचं, म्हणजे मांडणी पाळणाऱ्या स्लाइड आपोआप सुधारतात. ज्या नाही सुधारत त्या निवडून Home वरचं Reset. हाताने टाकलेले टेक्स्ट बॉक्स मात्र एकेक करूनच नीट करावे लागतात, तिथे सुटका नाही.

भूगोलवाली
वर्तुळ काढून पाहिलं. माझ्या लॅपटॉपवर अंडं, Extend आणि 1024 x 768 केल्यावर गोल. नकाशाचा प्रश्न तिथेच सुटला, आभार. पण Extend केल्यावर माझ्या पडद्यावर वेगळंच काही आलं, पुढची स्लाइड, घड्याळ, टिपा. आणि माऊस हरवला. वर्गासमोर फजितीच.

मोजलं. नकाशे अकरा, बाकी सगळं आडवं किंवा मजकूर. अडचण अशी, पुढच्या सत्रात एका वर्गात नवीन रुंद टच पॅनेल येतंय. दोन फाईली ठेवायच्या म्हणजे एकीत दुरुस्ती केली की दुसरी विसरायची.

पडदेवाला
ते Presenter View. नको असेल तर Slide Show टॅबवर Use Presenter View ची खूण काढा. तिथेच Monitor मध्ये प्रोजेक्टर निवडला आहे ना, तेही बघा. माऊस उजव्या कडेपलीकडे ढकला, तो दुसऱ्या पडद्यावर गेलेला असतो.

दोन फाईलींची भीती रास्त आहे. मी म्हणून एकच रुंद डेक ठेवायला सांगतो.

मागचा बाक
मी उलट सांगेन, एकच 4:3 डेक ठेवा. रुंद पॅनेलवर तो पूर्ण उंची घेईल, पट्टे फक्त डाव्या-उजव्या बाजूला. चौकोनी नकाशाचं पॅनेलवर काहीच नुकसान नाही आणि हॉलमध्ये त्याला सहा फूट मिळतात. तोट्यात जातील ते आडवे आलेख, आणि तेही फक्त पॅनेलवर. तिथे मुलं जवळ बसलेली असतात.

पडदेवाला
आणि नदीचा छेद पॅनेलच्या तीन-चतुर्थांश रुंदीत कोंबायचा? नवीन महागड्या पॅनेलवर दोन्ही कडा काळ्या बघून प्राचार्य पुन्हा तेच म्हणणार.

सरळसोट
म्हणजे Full नाहीच दाबायचं?

नदीकाठ
नकाशा, फोटो, वर्तुळ असेल तर नाही. नुसता मजकूर असेल तर दाबलंत तरी कोणाला कळणार नाही, पण पुढच्या तासाला येणाऱ्याच्या नकाशाचं काय होईल त्याचा विचार करा आणि जाताना परत Auto वर ठेवा.