मदत हवी: २४ चं २५ केलं की दर सेकंदाला उचकी, आणि मोबाईलचं ६० तर त्याहून वाईट

छत्रीबाग_इंदूर
नमस्कार मंडळी, जरा अडलोय. गणपतीत आमच्या मंडळाने इथे इंदुरात एक छोटं संगीत नाटक केलं, ४८ मिनिटांचं. भाच्याने पुण्याहून आणलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला २४ फ्रेमांनी शूट केलंय आणि सुरुवातीचं लेझीम, साधारण ४ मिनिटं, मी माझ्या मोबाईलवर ६० ला घेतलंय ढोलाच्या आवाजासकट. आता लोकल केबलवाला म्हणतो २५ मध्येच द्या, दुसरं चालणार नाही. मी एडिटरमध्ये २५ ची टाइमलाइन केली, दोन्ही क्लिपा टाकल्या, एक्सपोर्ट केलं आणि बघतो तर काय, सूत्रधार स्टेजवर डावीकडून उजवीकडे चालत येतो ना तो दर सेकंदाला एक उचकी दिल्यासारखा अडखळतो. उभे राहून गातात तिथे काही दिसत नाही, चाललं की दिसतं. लेझीम तर बघवत नाही, ठेक्यातच नाही असं वाटतं. सेटिंग सगळ्या उलटसुलट करून झाल्या. काय करू?

फोटूवाला_ग्वाल्हेर
शटर १/५० ठेवलं होतं का? आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची, हॉलमधल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/६० ला पट्टे येतात. पुढच्या वेळी १/५० किंवा १/१०० ठेव, सुटेल.

छत्रीबाग_इंदूर
भिया पट्टे नाहीयेत, प्रकाश ठीक आहे. माणूस अडखळतोय.

जुना_टेबलवाला
छत्रीबाग, तुमचं निदान तुमच्याच वाक्यात आहे. दर सेकंदाला एक उचकी म्हणजे सॉफ्टवेअरने सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवली. त्याच्याकडे सेकंदाच्या २४ फ्रेमा, तुम्ही मागताय २५, तो पंचविसावी आणणार कुठून? आधीचीच परत ठेवतो. माणूस उभा असताना तीच फ्रेम दोनदा आली तर कुणाला कळत नाही, चालताना पाय एक क्षण थांबतो आणि डोळ्याला ते लगेच टोचतं.

खात्री करायची तर एक्सपोर्ट केलेली फाइल mpv प्लेअरमध्ये उघडा, पॉज करा आणि पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. सूत्रधाराचा पाय कितव्या फ्रेमला जागचा हलत नाही ते मोजा, निदान चार-पाच वेळा. आणि हो, मूळ क्लिपवर ही कमांड चालवून जे येईल ते पण टाका इथे:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 natak.mov
```

रील_किंग
एवढं कशाला मोजत बसायचं, ऑप्टिकल फ्लो ऑन करा ना. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेमा स्वतः बनवतं, एकदम मख्खन. २४ असो ६० असो, मी सगळ्यालाच लावतो.

छत्रीबाग_इंदूर
मोजलं. कधी २४ फ्रेमांनी पाय थांबतो, कधी २५ नी, एकसारखं नाहीये. आणि ffprobe ने हे दिलं:

```
r_frame_rate=24000/1001
avg_frame_rate=24000/1001
```

आता हे काय नवीन? भाचा शपथेवर सांगतो २४ होतं.

जुना_टेबलवाला
भाचा खोटं बोलत नाही, कॅमेऱ्याच्या मेनूत बऱ्याचदा २४च लिहिलेलं असतं, आत २३.९७६ असतं. खरं २४ असतं तर तुमची उचकी बरोब्बर दर २५ व्या फ्रेमला आली असती, ती मागेपुढे होतेय ती म्हणूनच. हा बारीक फरक आवाजाच्या वेळी अंगाशी येतो, खाली सांगतो.

उपाय जुनाच आहे. २५ वर चालणाऱ्या देशांत टीव्हीवर चित्रपट वर्षानुवर्षं असेच दाखवले गेले. नवी फ्रेम बनवायची नाही, जुनी परत दाखवायची नाही, आहेत त्याच फ्रेमा जरा घाईने चालवायच्या. सेकंदाला २३.९७६ ऐवजी २५. प्रत्येक फ्रेम एकदाच येते, त्यामुळे उचकीला जागाच उरत नाही. बदल्यात नाटक सव्वाचार टक्के वेगाने पळेल, ४८ मिनिटांचं ४६ मिनिटं २ सेकंद होईल. एडिटरमध्ये करायचं तर क्लिप टाइमलाइनवर टाकायच्या आधी, बिनमध्ये असतानाच, तिच्या प्रॉपर्टीत जाऊन फ्रेम रेट २५ समज असं सांगायचं. टाइमलाइनवर टाकून मग स्पीड १०४ टक्के करत बसू नका, ढोबळ आकडा टाकला की कुठेतरी एखादी फ्रेम परत शिरते. कमांडने:

```
ffmpeg -i natak.mov -vf "setpts=N/(25*TB)" -r 25 \
  -af "atempo=1.0427083" natak25.mov
```

रील किंग, ऑप्टिकल फ्लो वाईट नाही, पण इथे गरजच नाही. ज्या फ्रेमा कॅमेऱ्याने खऱ्या टिपल्यात त्या सोडून बनवलेल्या का दाखवायच्या?

तंबोरा_रामबाग
मध्ये बोलतो, मला व्हिडिओतलं काही कळत नाही, पण संगीत नाटक म्हणालात म्हणून. सव्वाचार टक्के वेग म्हणजे सूर चढणार ना? काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोनच्या दिशेने पाऊण वाट जाईल आणि मधेच लटकेल. पेटीवर कुठलीच पट्टी लागणार नाही त्याला.

जुना_टेबलवाला
तंबोराकाका, गणित अगदी बरोबर आहे तुमचं. म्हणून तर atempo लावलाय, तो लय वाढवतो पण सूर जागेवर ठेवतो. लय मात्र वाढणारच, तिला इलाज नाही.

तंबोरा_रामबाग
सूर जागेवर राहील पण तंबोऱ्याचा नाद तसा राहील का? पूर्वी एका रेकॉर्डिंगचं असंच केलं होतं कुणीतरी, लांब आलापात आवाज पाण्यातून आल्यासारखा थरथरत होता.

जुना_टेबलवाला
होतं तसं, लांब ठेवलेल्या स्वरावर आणि पेटीवर जास्त कळतं. ffmpeg च्या बिल्डमध्ये rubberband असेल तर atempo काढून `rubberband=tempo=1.0427083` टाका, बरंच स्वच्छ येतं. शंभर टक्के नाही.

छत्रीबाग_इंदूर
घोळ झाला. चित्र एकदम लोण्यासारखं, सूत्रधार काय चालतोय! पण शेवटच्या भरतवाक्याला आवाज ओठांच्या मागे पडलाय, जवळजवळ पावणेतीन सेकंद. सुरुवातीला बरोबर होतं.

जुना_टेबलवाला
खरं सांगा, माझा आकडा टाकला की २५ भागिले २४ केलंत?

छत्रीबाग_इंदूर
२५/२४ केलं 🙈 १.०४१६६६७ टाकलं. मला वाटलं तुमच्याकडून टायपो झाला.

जुना_टेबलवाला
तेच. चित्र २३.९७६ वरून पळालं आणि आवाज २४ वरून. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. आवाज झाला २७६४.८ सेकंदांचा, चित्र झालं २७६२ चं. उरलेले तुमचे पावणेतीन. हजारात एकाचा फरक आहे, एका मिनिटाच्या क्लिपमध्ये लक्षातही आला नसता, म्हणून सिंक नेहमी शेवटाला तपासायचं.

बडोदेकर_मावशी
माझं पण सांगा ना कोणी, माझा प्रश्न साधा आहे, ६० चं ३० करायचंय. नवरात्रीतला गरबा मोबाईलवर ६० ला घेतला, एक सोडून एक फ्रेम टाकली की झालं असं सगळे म्हणतात आणि दिसतंही छान, पण साधारण सोळा-सतरा सेकंदांनी एक बारीकसा झटका येतो. मुलगी म्हणते तुला भास होतो.

रील_किंग
मावशी ६० चं ३० मध्ये प्रॉब्लेम येऊच शकत नाही, निम्मं होतंय सरळ. मोबाईल हँग होत असेल.

जुना_टेबलवाला
मावशी, भास नाही. टाइमलाइन ३० नसून २९.९७ असणार. ६० ला २९.९७ ने भागलं की २ येत नाही, २.००२ येतं. ते .००२ साठत साठत ५०० फ्रेमांनी एक अख्खी फ्रेम होते आणि तेव्हा एक सोडण्याऐवजी दोन सुटतात. २९.९७ च्या ५०० फ्रेमा म्हणजे १६.७ सेकंद. टाइमलाइन खऱ्या ३० वर घ्या. तरीही झटके राहिले आणि ते कधीही, ठराविक अंतर न ठेवता येत असले तर मोबाईलनेच फ्रेमा कमीजास्त अंतराने टिपल्यात. ffprobe मध्ये वरचे दोन आकडे वेगवेगळे दिसले तर बहुतेक तेच. मग आधी त्या क्लिपला एकसारख्या ६० वर बसवून घ्यावं लागेल, आणि जिथे मोबाईलने फ्रेम टिपलीच नाही तिथला झटका जाणार नाही.

बडोदेकर_मावशी
२९.९७ च होतं!! मुलीला दाखवते आता.

छत्रीबाग_इंदूर
माझं नाटक झालं, rubberband ने केलं, शेवटापर्यंत सिंक. पण लॅपटॉपवर बघताना चालण्यात अजून किंचित खरखर वाटतेय, एकेक फ्रेम बघितली तर एकही परत आलेली नाही. आणि लेझीम तसंच राहिलंय.

जुना_टेबलवाला
ती खरखर लॅपटॉपची आहे. स्क्रीन ६० हर्ट्झची, फाइल २५ ची, म्हणजे एक फ्रेम स्क्रीनवर दोन फेऱ्या राहते, पुढची कधी तीन. फाइल कितीही शुद्ध असो, तिथे असंच दिसणार. पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावून बघा किंवा स्क्रीन ५० हर्ट्झवर जात असेल तर न्या. याच स्क्रीनवर बघून फाइल दुरुस्त करायला जाल तर चांगली बिघडवाल.

लेझीमचं अवघड आहे. ६० मधून २५ उचलायच्या म्हणजे कधी दोन फ्रेमांची उडी, कधी तीनची. दोन, तीन, दोन, तीन, दोन. हात एकसारखा फिरत असला तरी पडद्यावर हिसके देत फिरतो, तुम्हाला ठेका चुकल्यासारखा वाटतो तो याच्यामुळे. आवाज नको असता तर ६० ला ५० समजून चालवा आणि एक सोडून एक घ्या म्हटलं असतं, हिसका पूर्ण जातो, फक्त सगळं १.२ पट संथ होतं. फुलांच्या, दिव्यांच्या शॉटला हे सुंदर दिसतं. ढोलासकट लेझीम एवढं संथ नाही चालायचं.

रील_किंग
आता तरी ऑप्टिकल फ्लो?

जुना_टेबलवाला
आता हो, इथे त्याची जागा आहे. ६० मधून काढताना शेजारच्या फ्रेमा जवळजवळ असतात, त्यामुळे २४ पेक्षा खूप बरा चालतो. पण लेझीमच्या चकत्या एकमेकींसमोरून जातात तिथे त्याला कोण कुठे गेलं कळत नाही, हात वितळल्यासारखे दिसतील. आणि गुलाल उडत असेल तर देवच वाली. आमच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचं, गेरचं, असंच करून बघितलं होतं मी, राजवाड्यासमोर हवेतला रंग जेलीसारखा थरथरायला लागला.

छत्रीबाग_इंदूर
गुलाल आहे. भरपूर आहे 😭

जुना_टेबलवाला
मग तुकडे करा. मोकळ्या जागी फ्लो, गुलालाच्या शॉटला दोन फ्रेमा मिसळून घ्या, जरा धूसर होईल पण गुलालात धूसरपणा खपतो. मात्र उन्हात घेतलं असेल तर मोबाईलने शटर फार जलद ठेवलेलं असतं, मग मिसळल्यावर धूसर होण्याऐवजी एकाच्या दोन लेझीम दिसतील.

छत्रीबाग_इंदूर
भर दुपारी घेतलंय. दोन शॉट करून टाकतो इथे, तुम्हीच बघून सांगा. केबलवाल्याने शनिवार दिलाय.

तंबोरा_रामबाग
यूट्यूबवर टाकाल तेव्हा मूळ लयीचं टाका हो. तिथे २५ कोणी मागितलेलं नाही.

फोटूवाला_ग्वाल्हेर
आणि पुढच्या वर्षी लेझीम ५० ला घ्या, मोबाईलमध्ये सोय असली तर. १/१०० शटर 🙂