मदत हवी आहे: गॅलरीच्या ब्लाइंडची मोटर वेळेच्या हिशेबावर चालवतोय, चार दिवसांत जागा चुकते

गच्चीवरचा_पोपट

नमस्कार मंडळी. नाशिकला पश्चिमेच्या गॅलरीत २४० सेंमी उंचीचं बाहेरचं रोलर ब्लाइंड आहे. आत २३० व्होल्टची ट्यूब्युलर मोटर. वर, खाली, न्यूट्रल आणि अर्थिंग एवढ्याच वायरी बाहेर येतात, त्यामुळे ब्लाइंड कुठे आहे हे बोर्डाला कळायचा मार्ग नाही. मोटरच्या आत दोन्ही टोकांची लिमिट आहे, ती तिथे पोचल्यावर स्वतःच बंद पडते.

मी ईएसपी३२ आणि दोन रिले लावून वेळेवर चालवतोय. स्टॉपवॉचने मोजलं: खालून वर ३६ सेकंद, वरून खाली ३४. दोन्ही आकडे कोडमध्ये वेगवेगळे आहेत, तेव्हा कृपया कुणी 'दोन वेळा वेगळ्या मोज' सांगू नका, ते झालंय. ० म्हणजे पूर्ण खाली, १०० म्हणजे पूर्ण वर.

रविवारी ब्लाइंड पार खाली नेऊन शून्य धरलं. सोमवारी ४० टक्के दिलं तर खालची पट्टी जमिनीपासून ८५ सेंमीवर थांबली. भिंतीवर मास्किंग टेप लावून खूण केली. गुरुवारी तेच ४० टक्के, पट्टी ६७ वर. दिवसभर ऊन बघून आई थोडं थोडं वर घेते, पाच-सहा वेळा तरी. रात्री वाऱ्यासाठी आम्ही पूर्ण वर करतो, म्हणजे रोज एकदा १०० ला जातंच. मग चूक तिथे धुऊन निघायला नको का? उलट वर गेल्यावरही पट्टी पेटीखाली वीतभर लोंबते.

शिवाय ५० टक्के दिलं की कधीच बरोबर मध्ये थांबत नाही, अगदी पहिल्या दिवशीही नाही.

शटर_सम्राट

दुकानाला साइड मोटर बसवायची आहे, शटर बारा फुटी. तुमचा रिमोट कोणता? रेंज किती मिळते?

उपद्व्यापी

पोपटराव, व्होल्टेज बघा. आमच्याकडे संध्याकाळी २०० वर येतं आणि पंखासुद्धा मलूल होतो. मोटर हळू चालली की तेवढ्याच सेकंदांत अंतर कमी पडणार. स्टॅबिलायझर लावा, प्रश्न मिटला.

वायंडिंगवाले

व्होल्टेजचा मुद्दा खोटा नाही, पण इथला चोर तो नाही. व्होल्टेजने वेग कमी झाला तर वर जाताना तोटा आणि खाली येतानाही तोटा, म्हणजे चूक कधी इकडे कधी तिकडे. यांची पट्टी मात्र रोज एकाच बाजूला, खाली खाली सरकते आहे.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करू. ५० टक्क्याला मध्ये न थांबणं ही सरकणारी चूक नाही, ती रोज तेवढीच असते. कापड नळीवर गुंडाळलं जातं तशी गुंडाळी जाड होत जाते. तळाशी असताना नळी जवळजवळ उघडी, एका फेऱ्यात कापड कमी उचललं जातं. वर पोचेपर्यंत त्याच एका फेऱ्यात बरंच जास्त. तुमची नळी किती मिलिमीटरची? ३८ ची आणि कापड अर्धा मिमी असेल तर अर्ध्या वेळेत २४० पैकी साधारण १०९ सेंमीच वर येईल. त्यावर इलाज म्हणजे पाच-सहा ठिकाणी टेप लावून वेळ विरुद्ध उंची मोजायची आणि कोडमध्ये ते कोष्टक टाकायचं. सावकाश करा, घाई नाही.

आता खरी तक्रार. ब्लाइंड तळाला न्या. एकदा सलग १० सेकंद वर चालवा आणि उंची मोजा. परत तळाला न्या, मग एकेक सेकंद असं दहा वेळा चालवा, मध्ये थोडं थांबत. आकडे इथे द्या.

शटर_सम्राट, हा रिमोटचा धागा नाही. पण ऐका, दुकानाच्या जड शटरला वेळेवर चालवायचा नाद करू नका. त्याला लिमिट स्विच हवेतच.

गच्चीवरचा_पोपट

नळी ३८ चीच निघाली! सलग १० सेकंदांत ५७ सेंमी. एकेक सेकंद दहा वेळा केलं तर फक्त ४९.

खाली येतानाही तसंच करून पाहिलं. तिथे फरक जेमतेम अर्धा सेंमी.

वायंडिंगवाले

सापडला की. दुसऱ्या खेपेत नऊ सुरुवाती जास्त झाल्या आणि ८ सेंमी कमी भरले, म्हणजे प्रत्येक सुरुवातीला साधारण ०.९ सेंमी. त्या भागात तुमचा वेग सेकंदाला ६ सेंमीच्या आसपास, म्हणून दर सुरुवातीला ०.१५ सेकंद वाया. रिले चिकटणं, मोटरचा ब्रेक सुटणं, वजन उचलून वेग धरणं, सगळं त्यात आलं. तुमचं कोड तेवढा वेळही चालण्यात धरतं.

खाली येताना वजन मदतीला असतं. सुरुवातीला गेलेला वेळ थांबताना ब्रेक लागेपर्यंतच्या घसरणीत भरून निघतो. त्यामुळे तिथे हिशेब जमतो. वर जाताना तोटा, खाली येताना नाही, म्हणून पट्टी एकाच बाजूला सरकते. आणि ही चूक किती अंतर चाललं यावर नाही, किती वेळा बटण दाबलं यावर वाढते. चार दिवसांत आईंनी वीस वेळा वर घेतलं असेल तर ३ सेकंद गेले, म्हणजे १८-१९ सेंमी. तुमचा टेप नेमकं तेच सांगतोय.

आता रात्रीचं १००. कोडला वाटतं आपण ७० वर आहोत, म्हणून ते उरलेल्या ३० टक्क्यांपुरताच रिले चालू ठेवतं. खरी पट्टी त्याहून खाली आहे, त्यामुळे लिमिटपर्यंत पोचतच नाही आणि कोड मात्र १०० लिहून मोकळं होतं. गंमत अशी की तुम्ही रात्री वरऐवजी खाली नेत असता तर हा दोष तुम्हाला दिसलाच नसता. पट्टी आधीच खाली असल्याने ती लिमिटला लागून आपोआप जुळली असती.

म्हणून टोकाला जाताना मधला हिशेब करायचाच नाही. कुठूनही निघा, पूर्ण वेळ अधिक ४ सेकंद रिले चालू ठेवा. मोटर लिमिटला स्वतः थांबेल, उरलेले सेकंद रिले रिकामा चालू राहील.

```
unsigned long runMs(int from, int to) {
  bool up = (to == 100) || (to > from);
  float full = up ? 36000 : 34000;
  if (to == 0 || to == 100) return full + 4000;
  float lag = up ? 150 : 0;
  return full * abs(to - from) / 100 + lag;
}
```

ही पूर्ण वेळ संपली तरच `pos` ला १०० म्हणा. मध्येच कुणी थांबवलं तर नेहमीसारखा अंदाज, टोक गाठलं असं धरू नका.

एक तपासून घ्या. लिमिटला मोटर खरंच बंद होते का, की पट्टी पेटीला अडकून नुसती गुरगुरते? गुरगुरत असेल तर आधी लिमिट नीट बसवा. या मोटरी सलग साधारण चार मिनिटं चालण्यासाठी बनवलेल्या असतात. तापल्या की आतला थर्मल कट-ऑफ उडतो, मग बोर्ड वेळ मोजत राहतो आणि ब्लाइंड जागचं हलत नाही.

सुई_दोरा

मी हेच माझ्या हॉलच्या पडद्यावर केलं होतं आणि दोन महिन्यांत नायलॉनच्या गिअरचे दात गेले. माझी १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर आहे, दोरीवर पडदा ओढते. तिला आत लिमिट वगैरे काही नाही. 'अधिक ४ सेकंद' म्हणजे चार सेकंद भिंतीशी कुस्ती.

वायंडिंगवाले

ताई, बरोबर बोललात, माझं म्हणणं फक्त आत लिमिट असलेल्या मोटरला लागू आहे. तुमच्याकडे करंटवर टोक ओळखा. चालताना किती अँपिअर घेते?

सुई_दोरा

मोकळी चालताना ०.४. अडकली की १.८ पर्यंत जाते. आयएनए२१९ चं मॉड्यूल पडून आहे.

वायंडिंगवाले

मग ते पुरेल. १ अँपिअरवर बंद करा, पण सुरुवातीचे ३०० मिलिसेकंद वाचनच घेऊ नका, कारण सुटताना मोटर झटका घेतेच. आणि करंट वाढला म्हणजे टोक आलं असं लगेच मानू नका. पडदा खुर्चीत अडकला तरी करंट वाढतो. वेळेच्या हिशेबाने टोक १५ टक्क्यांच्या आत असेल तरच ते टोक, नाहीतर मोटर थांबवा आणि जागा माहीत नाही असं नोंदवा.

सुई_दोरा

खुर्ची नाही, आमच्याकडे मांजर आहे. पण समजलं.

उपद्व्यापी

पोपटराव, तुमच्या कोडमध्ये वरती कुठे `if (to == pos) return;` अशी ओळ आहे का? माझ्याकडे होती. ब्लाइंड १०० वर आहे असं कोडला वाटतं, म्हणून पुन्हा १०० दाबलं तरी काहीच होत नाही. मग वरच्या फंक्शनचा काय उपयोग?

वायंडिंगवाले

हे मी सांगायला हवं होतं. दोन्ही टोकांसाठी ती ओळ लागू होऊ देऊ नका.

गच्चीवरचा_पोपट

होती! काढली. लिमिटला मोटर 'टक्' करून गप्प होते, गुरगुर नाही.

नऊ दिवस झाले. ४० टक्क्याची पट्टी आता ८४ ते ८७ च्या मध्ये थांबते, टेप तसाच आहे. उपद्व्यापींचा मान ठेवून व्होल्टेजही पाहिलं. सकाळी पूर्ण वर जायला ३६.०, संध्याकाळी ३६.६. उरलेले दोन-तीन सेंमी बहुधा त्यातले.

दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, आम्ही रात्री वर नेतो म्हणून रोज जुळतं, पण पावसाळ्यात ब्लाइंड दिवसेंदिवस मध्येच असेल. दर आठ-दहा हालचालींनंतर आपोआप टोकाला जाऊन परत यायचं असं टाकलं, तर आईच्या दुपारच्या झोपेत ते वर-खाली व्हायला लागलं. तिने सरळ मेन स्विच बंद केला.

दुसरं, ब्लाइंड चालू असताना लाइट गेली की फ्लॅशमध्ये जुनीच जागा राहते. लाइट आल्यावर आपोआप तळाला न्यावं का?

उपद्व्यापी

न्यावं की. बोर्ड सुरू झाला की पहिलं काम तेच. मी तसंच केलंय.

वायंडिंगवाले

मी नाही करणार. पहाटे तीनला लाइट आली, बाहेर वारा सुटलाय आणि कापड आपलं आपण खाली यायला लागलं, किंवा नेमका कुणाचा हात पट्टीवर आहे. मी बूट झाल्यावर जागा 'माहीत नाही' ठेवतो. माणसाने पुढचं बटण दाबलं की आधी जवळच्या टोकाला आणि मग मागितलेल्या जागी. थोडा वेळ जास्त लागतो.

उपद्व्यापी

जवळचं टोक कोणतं हे कळणार कसं, जर जागाच माहीत नाही?

वायंडिंगवाले

हं. मी नेहमी वर नेतो, वाऱ्याला तेच बरं. पण माझ्या गॅलरीत झोपणारं कुणी नाही.

शटर_सम्राट

बारा फुटी शटरला मग लिमिट स्विच कुठले घेऊ?