शब्दचर्चा : ‘सॉरी’ किती वेळा? ठरलेली वेळ बदलण्याचा निरोप

मापपट्टी : मी मॉड्यूलर किचनची कामं घेते. गुरुवारी ११ वाजता एका काकांच्या घरी माप घ्यायला जायचं ठरलंय आणि ते पुढे न्यावं लागतंय. लिहिलेला निरोप असा :

‘नमस्कार काका, खूप खूप सॉरी, परत त्रास देतेय. सांगायलाही वाईट वाटतंय, पण गुरुवारचं जरा अवघड होतंय असं वाटतंय. सुतार घरच्या कार्यासाठी अचानक गावी गेलाय, शिवाय माझी गाडीही गॅरेजला आहे. तुम्ही मुद्दाम ओटा रिकामा करून ठेवणार होतात, प्लीज रागावू नका. हरकत नसेल तर शुक्रवारी, शनिवारी किंवा तुम्ही म्हणाल तेव्हा येऊ का? परत एकदा मनापासून सॉरी.’

हे फार लोटांगण वाटतंय. छाटायचं आहे, पण उद्धट वाटायला नको.

निवांत : सगळं काढा आणि शेवटी ‘क्षमस्व’ लिहा. एका शब्दात काम होतं आणि भारदस्तही वाटतं.

आडवा उकार : शब्द छोटा आहे हे खरं. पण ‘क्षमस्व’ आपण वाचतो ते रस्ता खोदल्याच्या फलकावर आणि लिफ्ट बंद असल्याच्या चिठ्ठीवर. तिथे माफी कोण मागतंय हेच कळत नाही. ओळखीच्या काकांना ते पाठवलं तर सोसायटीची नोटीस आल्यासारखं वाटेल. इथे ‘माफ करा’ बरं, तेही एकदाच.

मला जास्त खटकतं ते ‘जरा अवघड होतंय असं वाटतंय’. त्यात ‘जरा’ आहे, ‘अवघड’ आहे, वर ‘वाटतंय’ आहे. एवढ्यातून काकांना कळणार काय, तर कदाचित येतील. ते गुरुवारी ओटा रिकामा करून बसतील आणि दहा वाजता फोन करतील. त्यापेक्षा ‘गुरुवारी येणं जमणार नाही’ म्हणा. मराठीत ‘जमणार नाही’ला मुळातच मऊपणा आहे. ‘मी येणार नाही’ म्हटलं की नकार तुमचा होतो, ‘जमणार नाही’ म्हटलं की तो परिस्थितीवर जातो. त्याला आणखी उशी लावायची गरज नाही.

कोकणकडा : ‘पुढे ढकलणे’ आणि ‘पुढे घेणे’ यातलं बरोबर कोणतं, असा प्रश्न आहे ना? आमच्या ऑफिसात ‘मीटिंग पुढे घेतली’ म्हटलं की निम्मे लोक लवकर येतात.

मापपट्टी : तो प्रश्न नाहीये, पण म्हणूनच मी वार आणि वेळ लिहिणार आहे.

हिशेबनीस : वेळ बदलताना कारण द्यायचंच नाही, असं माझं मत. एका पक्षकाराला मी तीन ओळी कारण लिहिलं, तर उलट विचारणा झाली, ‘मग दुसरा माणूस पाठवता येत नाही का?’ कारण दिलं की वाद घालायला जागा मिळते.

आडवा उकार : ऑफिसच्या पत्रात चालेल. घरी येणाऱ्या माणसाने कारणच दिलं नाही तर तुसडं वाटतं. मात्र एकच द्यावं. सुतार आणि गाडी दोन्ही सांगितलं की दोन्ही बहाणे वाटतात. सुताराशिवाय माप घेऊन उपयोग नाही, मग गाडीचा विषय कशाला?

आणि ओट्याचं वाक्य काढू नका, फिरवा. ‘रागावू नका’ म्हटलं की काकांनी तुमची समजूत काढायची. ‘ओटा शनिवारपर्यंत रिकामा करू नका’ म्हटलं की त्यांचे कष्ट वाचतात. माझ्या मते आस्था दिसते ती इथे. माझा मसुदा :

‘नमस्कार काका. गुरुवारी माप घ्यायला येणं जमणार नाही, सुतार गावी गेलाय. माफ करा. शनिवारी सकाळी ११ किंवा दुपारी ४, तुम्हाला कोणती वेळ सोयीची? ओटा तोवर रिकामा करू नका.’

निवांत : ‘करू नका’ हुकूम नाही का वाटत? ‘केला नाहीत तरी चालेल’ म्हणा.

आडवा उकार : मान्य, ते जास्त बरं.

हिशेबनीस : ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ काढलंत, ते फार चांगलं झालं. ऐकायला नम्र, पण दिवस ठरवण्याचं काम समोरच्याच्या गळ्यात. आणि काका ‘उद्याच या’ म्हणाले असते तर?

कोकणकडा : शेवटी ‘कळवावे’ हवं. वडीलधाऱ्यांना विध्यर्थी लिहितात.

आडवा उकार : निमंत्रणपत्रिकेत लिहितात. निरोप ‘गेलाय’ने चालला असताना मध्येच ‘कळवावे’ आलं की सूर बदलतो. फार तर ‘कळवाल का?’

मापपट्टी : ‘केला नाहीत तरी चालेल’सकट आडवा उकार यांचाच मसुदा पाठवते. फक्त ‘माफ करा’ कारणाआधी की नंतर, यावर घरी मतभेद आहेत. आई म्हणते, आधी माफी, मग बाकीचं.

निवांत : आईंचं ऐका.

आडवा उकार : मी नंतरच ठेवेन. माफी आधी आली की काका घाबरून पुढचं वाचतात, काय झालं म्हणून.