शब्दचर्चा: स्वागताची चार वाक्यं – 'संपन्न', 'शुभहस्ते', 'प्रज्ज्वलन'

नवखी_निवेदिका
पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजचं वार्षिक स्नेहसंमेलन आहे आणि उद्घाटनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. सुरुवातीची चार वाक्यं खाली दिली आहेत. मागच्या वर्षीच्या कागदावरून बरीचशी तशीच घेतली. प्रमुख पाहुण्या नाट्यक्षेत्रातल्या ज्येष्ठ अभिनेत्री आहेत, त्यामुळे भाषेत चूक नको. शब्द तपासून द्याल का?

'सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, आज आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाचा उद्घाटन सोहळा संपन्न होत आहे. प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेल्या माननीय बाईंचे मी सहर्ष स्वागत करते. मी त्यांना विनंती करते की त्यांनी आपल्या शुभहस्ते दीपप्रज्ज्वलन करावे. पाहुण्याचा परिचय आमचे सर करून देतील.'

परखड_काका
'संपन्न' आधी काढा. संपन्न म्हणजे श्रीमंत. संपन्न घराणं असतं, कार्यक्रम संपन्न कसा होईल? वर्तमानपत्रवाल्यांनी हा शब्द पार बिघडवून ठेवलाय.

जुना_मुद्रितशोधक
काका, काढायला हवा हे खरं, पण कारण वेगळं आहे. 'संपद्' या धातूचा अर्थच पार पडणं, सिद्ध होणं असा आहे. त्याचं भूतकाळी रूप संपन्न, म्हणजे पार पडलेलं. समृद्ध हाही अर्थ त्यातूनच आला. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'सोहळा संपन्न झाला' हे अगदी ठीक. अडचण 'संपन्न होत आहे' ची आहे. अजून समईची वातसुद्धा पेटलेली नाही आणि सोहळा पार पडत असल्याचं सांगायचं! 'सोहळ्याला आपण सुरुवात करत आहोत' एवढं पुरे.

आता 'प्रज्ज्वलन'. मूळ शब्द 'ज्वलन', त्याला 'प्र' जोडला की 'प्रज्वलन'. ज एकदाच. 'उज्ज्वल' मध्ये मात्र ज दोनदा येतो, कारण तिथे 'उत्' आणि 'ज्वल' यांचा संधी होऊन त् चा ज् होतो. 'प्र' पाशी त् नाहीच, तर जास्तीचा ज येणार कुठून? आपल्याकडे बरोब्बर उलटं चालतं. फलकावर 'दीपप्रज्ज्वलन' आणि शुभेच्छापत्रावर 'उज्वल भविष्य'. फलक रंगवायला जायच्या आधी तेवढं बघा.

परखड_काका
श्रोत्यांच्या मनात पहिला अर्थ श्रीमंतीचाच येतो. धातू कोण बघतंय?

चारोळीवाला
सुरुवातीला चारोळी टाका, टाळ्या मिळतात. पाहुण्यांसाठी, दीपप्रज्वलनासाठी, आभारासाठी अशा वेगवेगळ्या आहेत माझ्याकडे. पाठवू का?

नवखी_निवेदिका
धन्यवाद दादा, पण मला शब्दांबद्दल विचारायचं होतं. सरांनी चारोळ्यांना सक्त मनाई केली आहे.

मराठीच्या_बाई
एक गोष्ट कुणाच्या नजरेत आली नाही. शेवटच्या वाक्यात तू 'पाहुण्याचा परिचय' लिहिलं आहेस. आदरार्थी रूप अनेकवचनासारखं चालतं, म्हणून व्यक्ती एकच असली तरी अनुस्वार हवा: पाहुण्यांचा, अध्यक्षांना, मुख्यमंत्र्यांचे. 1962 सालच्या लेखननियमांत हे स्पष्ट आहे. अनुस्वार गेला की 'पाहुण्याचा परिचय' म्हणजे कुणीतरी पाहुणा आलाय घरी, त्याचा. बोलतानाही 'ण्यां' चा नाकातला उच्चार ध्वनिक्षेपकावरून ऐकू जातो, घाईत तो गिळू नकोस.

त्याच माणसासाठी वर तू 'प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेल्या' लिहिलंस. पाहुणे पुल्लिंगी, लाभलेल्या स्त्रीलिंगी. 'पाहुणी' चं आदरार्थी रूप 'पाहुण्या'. प्रश्नात तू सहज 'प्रमुख पाहुण्या' लिहिलंस, आणि कागदावर आल्यावर त्या पाहुणे झाल्या! 'प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या' असं कर.

गोव्याहून
आमच्याकडे 'प्रमुख पाहुणे' हे पद धरतात, अध्यक्षासारखं. बाई असल्या तरी 'अध्यक्ष' च म्हणतो ना? मग पाहुणे का नको? मी निमंत्रणपत्रिका छापतो, त्यात आजवर 'पाहुण्या' टाकलेलं नाही, कुणी तक्रारही केली नाही.

मराठीच्या_बाई
अध्यक्ष निवडून किंवा नेमून होतात, ते पद. पाहुणी असणं हे पद कसं? तरी पत्रिकेत नावावर शीर्षक म्हणून 'प्रमुख पाहुणे' छापलंत तर मी भांडणार नाही. वाक्यात घेतल्यावर मात्र क्रियापद अडचणीत आणतं. 'प्रमुख पाहुणे आल्या आहेत' असं तुम्ही म्हणाल का?

गोव्याहून
'आलेल्या आहेत' म्हणेन, आणि पाहुणे हा शब्दच गाळेन. 🙂

जुना_मुद्रितशोधक
'शुभहस्ते' राहिलं. 'हस्ते' म्हणजे हाताने. मराठीत तृतीयेचा 'ए' प्रत्यय असाच लागतो, 'मुखे' मध्ये आहे तोच. संस्कृतात 'हस्ते' ही सप्तमी, म्हणून कुणीतरी ते चूक ठरवतं. ते मनावर घेऊ नका, हा मराठी प्रत्यय आहे. 'शुभ' लावायचा की नाही ही आवड झाली. माझ्या मते 'यांच्या हस्ते' पुरतं. 'शुभहस्ते' म्हटल्यावर बाकीच्यांचे हात अशुभ की काय असं वाटतं. पण 'करकमलांच्या शुभहस्ते' मी छापलेलं पाहिलंय. ते मात्र नको, हाताला हात लागला तिथे.

तुमच्या वाक्यात अजून एक गाठ आहे. 'त्यांनी आपल्या शुभहस्ते' मधलं 'आपल्या' पाहुण्यांचं, आणि त्याच्या आधी 'आपल्या स्नेहसंमेलनाचा' मधलं सगळ्यांचं. ऐकणारा क्षणभर गोंधळतो. 'त्यांनी दीपप्रज्वलन करावे' म्हटलं की हस्तेची गरजच उरत नाही.

रंगमंचामागचा
मी कॉलेजच्या काळात बरीच निवेदनं केली, म्हणून व्याकरण सोडून एक सांगतो. 'मी विनंती करते की त्यांनी…' हे लिहायला ठीक, पण सभागृहात नाव ऐकताच पाहुणे खुर्चीतून उठतात. बाकीचे मान्यवरही त्यांच्याबरोबर उठतात, टाळ्या सुरू होतात आणि पुढचे शब्द कुणाला ऐकूच जात नाहीत. म्हणून 'दीपप्रज्वलन करावे, अशी मी माननीय… यांना विनंती करते' असा क्रम ठेव. काम आधी, नाव शेवटी. मराठीला ही 'अशी' ची जागा सवयीचीही आहे.

समईजवळचा पंखा बंद ठेवायला आधीच सांग, आणि वातीच्या टोकाला कापूर लावून ठेवा. नाहीतर वात पेट घेत नाही, पाहुण्या मेणबत्ती धरून उभ्या आणि निवेदिका मुक्याने बघत. तेवढ्या वेळेसाठी एक-दोन वाक्यं हातात असू देत.

परखड_काका
आणि 'सन्माननीय व्यासपीठ' वर कुणी बोललंच नाही! व्यासपीठ म्हणजे लाकडी फळ्या. त्यांना कसला मान? 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणा.

जुना_मुद्रितशोधक
'सभागृह स्तब्ध झालं' म्हणतो तेव्हा भिंती स्तब्ध होत नाहीत. बसलेल्यांसाठी जागेचं नाव वापरणं जुनंच आहे. पण संबोधन म्हणून मलाही ते थोडं खटकतं.

मराठीच्या_बाई
मला नाही खटकत. तीस वर्षं ऐकतेय.

नवखी_निवेदिका
आता असं केलंय:

'व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो, आपल्या वार्षिक स्नेहसंमेलनाला आपण सुरुवात करत आहोत. प्रमुख पाहुण्या म्हणून लाभलेल्या माननीय बाईंचे मी सहर्ष स्वागत करते. दीपप्रज्वलन करून संमेलनाचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करते. पाहुण्यांचा परिचय आमचे सर करून देतील.'

सरांना मात्र 'सन्माननीय व्यासपीठ' च हवं आहे. 'बाईंचे' च्या जागी पूर्ण नाव येईल.

रंगमंचामागचा
तिसऱ्या वाक्यातही 'त्यांना' नको, तिथे पूर्ण नाव घे. उठायची खूण तीच आहे.