जपानला चौदा दिवस: रोख किती, कार्ड किती?

मंजिरी: एप्रिलमध्ये मी आणि नवरा टोकियो, क्योटो, हिरोशिमा करतोय. विमान, हॉटेलं, शिंकान्सेन इथूनच भरलंय. तिथल्या खर्चाला दोघांत रोज वीस हजार येन, म्हणजे एकूण दोन लाख ऐंशी हजार धरलेत. यातले रोख किती न्यावेत आणि फॉरेक्स कार्डावर, क्रेडिट कार्डावर किती ठेवावेत?

नाना: सगळे रोख न्या, डोक्याला ताप नाही. जपान अजून नोटांचा देश आहे. रामेनच्या दुकानात शिरताच तिकिटाचं मशीन असतं, आम्ही गेलो तिथली बहुतेक मशिनं फक्त नोटा आणि नाणी घेत होती. देवळांचं प्रवेश तिकीटही रोखीत. आम्ही सगळे येन पुण्यातूनच घेऊन गेलो, एक पैसा शुल्क लागलं नाही.

मुक्ता: नाना, मशीनचं खरं आहे. सुईका कार्डात स्टेशनवर पैसे भरायलाही नोटाच लागतात, आणि लोकल, बस सगळं त्या कार्डावर चालतं. पण शुल्क लागलं नाही हे पटत नाही. ते दरात होतं. एकाच काउंटरवर नोटांचा दर कार्डाच्या दरापेक्षा महाग असतो, विचारून बघा.

मंजिरी, आकडे मांडून बघ. समजा बाजारात येन साठ पैशाला आहे, म्हणजे एक लाख येन साठ हजार रुपयांना. फॉरेक्सवाल्याने कार्डावर बासष्ट पैसे लावले, तर बासष्ट हजार आणि वर जीएसटीचे शंभर-सव्वाशे. जादा गेले एकवीसशे. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाचा मार्कअप साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे त्याच साठ हजारांवर सुमारे चोवीसशे ऐंशी. फरक साडेतीनशे-पावणेचारशेचा! दर साडेबासष्ट झाला की फॉरेक्स कार्डच महाग. म्हणून ‘शुल्क किती’ विचारू नकोस, ‘एक लाख येन माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये’ असं विचार.

श्रीरंग: मग फॉरेक्स कार्ड हवंय कशाला? परदेशी खर्चावर मार्कअप न लावणारी क्रेडिट कार्डं मिळतात. एक काढा, विषय संपला.

मुक्ता: दुकानातल्या खर्चाला ते सगळ्यात स्वस्त, मान्य. पण त्याने एटीएममधून पैसे काढलेस तर काढल्या दिवसापासून व्याज, वर रोख काढण्याचं शुल्क वेगळं. फॉरेक्स कार्ड मी एटीएमसाठीच ठेवते. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात आणि ती दुकानं जागोजागी आहेत. दर खेपेला ठरावीक शुल्क बसतं, म्हणून रोज पाच हजार काढण्यापेक्षा एकदम चाळीस हजार काढायचे. शिवाय बँकेने संशय येऊन एक कार्ड बंद केलं तर हाताशी दुसरं हवं. आणि ते दुसरं पाकिटात नको, बॅगेत.

केतकी: माझं काय झालं सांगते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, फॉरेक्स कार्डावर डॉलर भरा, सगळीकडे चालतात. भरले. ओसाकात जेवणाचं बिल साडेचार हजार येन, मेसेज आला डॉलरचा, आणि हिशेब काही जुळेना. प्रत्येक वेळी डॉलरचे येन करायचं शुल्क कापलं जात होतं. कार्ड येनमध्येच भरून घे, पावतीवर JPY लिहिलंय ना ते बघ. आणि मशीनने बिल रुपयांत दाखवलं तर येन निवड. रुपये ओळखीचे वाटतात, पण तो दर दुकानाच्या बँकेचा असतो.

विनायक: अहो, पण वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात ना? भाच्याची जर्मनीतली फी भरताना आमची धावपळ झाली होती.

मुक्ता: फीचं प्रकरण वेगळं, काका. इथे वर्षभरात दहा लाखांच्या पुढे गेलं तर प्रश्न. मंजिरीचा खर्च पावणेदोन लाखांच्या आत आहे.

मंजिरी: मग असं करते. पन्नास हजार येन इथून रोख, ऐंशी हजार फॉरेक्स कार्डावर येनमध्ये, उरलेला खर्च क्रेडिट कार्डावर. जमेल?

मुक्ता: मी तीस हजारच रोख नेले असते, पण चालेल. फॉरेक्स कार्डावर जास्त भरू नकोस, उरलेले येन परत देताना दर पडतो. आणि निघण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू कर, नव्या कार्डांवर ते बंद असतात. आमच्या साहेबांना हे नारिता विमानतळाच्या तिकीट खिडकीशी कळलं.

नाना: पन्नास हजार चार दिवसांत उडतील. मग रात्री एटीएम शोधत फिरा.

श्रीरंग: नाना, सेव्हन-इलेव्हन रात्रभर उघडं असतं.

नाना: आणि नाण्यांचं काय? दोन दिवसांत खिसा भरतो, परत आल्यावर ती कोणी बदलून देत नाही. माझ्याकडे अजून डबाभर आहेत.

केतकी: शेवटच्या दिवशी दुकानात आधी नाणी मोजून द्यायची आणि उरलेलं कार्डावर, असं करायला गेले होते. त्या मुलीने हसून मान हलवली, पण मशीन ऐकेना.