तुमचे फॉलोअर्स नक्की कोण? अनुभव सांगा

सुईदोरा: काल फोन साफ करताना जुना स्क्रीनशॉट सापडला. विणकामाचं अकाउंट नवीन होतं, फॉलोअर्स 120. प्रेक्षकांच्या पानावर 65+ ला 10 टक्के. म्हणजे बारा जण! हरखून मी मोठ्या अक्षरांत पॅटर्न लिहायला घेतले. मग यादी चाळली तर पासष्टीपुढची एकटी मावशीच. भाचीला विचारलं, ती म्हणाली, "आम्ही जन्मवर्षाचं चक्र जोरात फिरवतो, थांबेल ते वर्ष." तुमच्याकडे काय गमती?

उनाडबोका: 😂😂 मी 1905 चा आहे

चष्मेवाली: अ‍ॅप फोटो बघून वय ओळखतं ना? आणि लोकेशन बंद ठेवलं की शहर कळतच नाही म्हणे.

आकडेमोड: पाच वर्षं हेच काम करतोय. वयाचा मुख्य आधार खातं उघडताना दिलेली जन्मतारीख. दहाव्या वर्षी 13 सांगून शिरलेलं पोर कायम तीन वर्षांनी मोठंच राहतं. पंधराव्या वर्षी ते 18-24 मध्ये मोजलं जातं.
आणि लोकेशन बंद केलं तरी आयपी पत्ता जातोच, चष्मेवाली. त्यावरून शहराचा अंदाज बांधतात. पण मोबाईल डेटा बऱ्याचदा कंपनीच्या दूरच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडतो, मग गावातला माणूस महानगरात दिसतो. व्हीपीएन असेल तर विचारूच नका.

निवांत_काका: आमच्या घरी एकच अकाउंट, माझ्या नावाचं, बघते सगळं बायको. मी कुठल्या रकान्यात?

आकडेमोड: पुरुष, काका. बघतंय कोण ते त्याला दिसत नाही, प्रोफाइलवर काय लिहिलंय तेच दिसतं.

सुईदोरा: आणि ज्यांनी स्त्री-पुरुष काहीच लिहिलं नाही ते?

आकडेमोड: खरी मेख तिथेच. काही ठिकाणी त्यांना सरळ वगळतात, काही ठिकाणी वागण्यावरून अंदाज. वगळलं असं धरा. 200 फॉलोअर्स, 80 जणांनी लिहिलंच नाही. उरलेल्या 120 मध्ये 90 बायका, तर स्क्रीनवर 75 टक्के. प्रत्यक्षात सगळ्या 200 मध्ये 45 टक्केही असतील, 85 ही असतील. आणि शंभर-सव्वाशे फॉलोअर्स असताना एक माणूस वाढला तरी जवळजवळ एक टक्का हलतो.

चष्मेवाली: म्हणून माझ्या शहरांची बेरीज 38 टक्केच येते का?

आकडेमोड: नाही, ते वेगळं. तिथे फक्त वरची मोजकी शहरं दाखवतात, बाकीचे विखुरलेले.

पाऊलवाट: माझं पहिलं शहर एका रात्रीत बदललं होतं. नवीन फॉलोअर एकही नाही. का ते अजून कळलं नाही.

आकडेमोड: आयपींची यादी कुठल्या शहराला जोडायची ते अधूनमधून बदलतात. तेच असेल असं छातीठोक नाही सांगत.

उनाडबोका: किंवा सगळे एकाच बसने गेले

निवांत_काका: सुईदोराताई, तो मोठ्या अक्षरांतला पॅटर्न अजून आहे का? बायको विचारतेय.

सुईदोरा: आहे काका, मोज्यांचा. व्यनि करते. फक्त टाचेची ओळ चुकलीये त्यात, ती आधी उसवा.